बाणाच्या जागी वाक्य: कंदपिठाच्या पिच डेकचा लेख होताना

जोयडा तालुक्यात दरवर्षी जानेवारीच्या सुमारास कंदांचा मेळावा भरतो. कानडीत त्याला ‘गेड्डे-गेणसू मेळा’ म्हणतात. आसपासच्या गावांतली कुणबी कुटुंबं आपल्या परसातली मुडली, काटेकणगं, करांदे, सुरण घेऊन येतात आणि ओळीनं मांडून बसतात. मुडली हा अळूच्या जातीचा कंद, पण बाजारात मिळणाऱ्या आळकुड्यांपेक्षा कितीतरी मोठा आणि जड. अंगाला माती लागलेली, वर केसाळ साल. शहरातून आलेला माणूस तो हातात घेतो, फोटो काढतो आणि हमखास विचारतो, याचं काय करता?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून आजकाल पहिल्यांदा जे तयार होतं ते पिच डेक. दहा-बारा स्लाइडी, मोठी अक्षरं, एक जंगलाचा फोटो, एक बायकांच्या गटाचा फोटो, शेवटी ‘आम्हाला इतके लाख हवेत’. बँकेपुढे, अनुदान देणाऱ्या संस्थेपुढे किंवा एखाद्या स्पर्धेत ते वीस मिनिटांत दाखवलं जातं. त्यानंतर कोणीतरी म्हणतं, हे छान आहे, याचा एक लेख करून द्या. स्मरणिकेसाठी, दिवाळी अंकासाठी, नाहीतर प्रस्तावाला जोडायला. इथे सगळे अडतात. डेक आणि लेख यांत फक्त लांबीचा फरक आहे असं समजून काम सुरू होतं आणि हाती येतो तो न डेक, न लेख असा मजकूर.

या कामाच्या वेगवेगळ्या रीती कुठे पोहोचतात आणि कुठे अडकतात, ते मी इथे एकाच उदाहरणावर तपासणार आहे. त्यासाठी एक नमुना डेक रचला आहे. त्यातला गट काल्पनिक आहे आणि त्याचे भाव, मजुरी, घट हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते धरलेले आहेत. तालुका, कंद, नदी आणि कायदे मात्र खरे आहेत.

बारा स्लाइडींत शब्द किती?

आपला नमुना डेक असा. उत्पादन: मुडलीचं पीठ. पहिली स्लाइड नावाची. मग ‘समस्या’, ‘उपाय’, ‘प्रक्रिया’, ‘उत्पादन’, ‘बाजारपेठ’, ‘स्पर्धक’, ‘कमाईचं गणित’, ‘आतापर्यंतची प्रगती’, ‘टीम’, ‘सामाजिक परिणाम’ आणि शेवटी ‘मागणी’. हा क्रम आपल्याकडचा नाही. गुंतवणूकदारांना दाखवायच्या डेकचा जगभर रुळलेला साचा आहे आणि त्याच्या जागी तो योग्यही आहे. समोरच्या माणसाला थोडक्या वेळात पैसे द्यायचे की नाही हे ठरवायचं असतं, म्हणून दुखणं आधी, औषध मग आणि बिल शेवटी.

एका स्लाइडीवर चाळीस शब्द धरले तर बारा स्लाइडींचे होतात चारशे ऐंशी. लेख हवा दोन-अडीच हजार शब्दांचा. म्हणजे लेखातले दीड-दोन हजार शब्द डेकमध्ये नाहीतच. ते कुठून आणायचे हा या कामातला खरा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावरूनच रीती वेगळ्या होतात.

पहिली रीत फुगवण्याची. स्लाइडीवर लिहिलेलं असतं ‘दुर्गम तालुका, बाजाराचा अभाव, तरुणांचं स्थलांतर’. त्याचा परिच्छेद असा होतो: ‘जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील एक दुर्गम तालुका असून येथे बाजारपेठेचा मोठा अभाव आहे. तसेच तरुणांचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर होत आहे.’ तीन शब्दगटांचे एकवीस शब्द झाले, माहितीत एका कणाची भर पडली नाही. जोयड्याचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही डोंगरी तालुक्याचं घातलं तरी वाक्य तसंच्या तसं चालतं. हीच त्याची परीक्षा. जे वाक्य नाव बदलून कुठेही चालतं ते त्या लेखाचं नाही.

दुसरी रीत बोललेलं उतरवून काढण्याची. ही पुष्कळ बरी. कीर्तनकाराच्या टिपणवहीत चार ओळी असतात आणि आख्यान दोन तास चालतं. डेकचंही तसंच आहे, त्यातलं पुष्कळसं सांगणाऱ्याच्या तोंडात असतं. म्हणून सादरीकरण करणाऱ्या बाईंना किंवा भाऊंना पडद्याशिवाय बसवायचं, फोनवर आवाज नोंदवायचा आणि ‘हे मला पहिल्यापासून सांगा’ एवढंच म्हणायचं. वीस मिनिटांच्या बोलण्यात सहज दोन हजारांच्या वर शब्द निघतात आणि त्यात स्लाइडीवर नसलेली एक मौल्यवान गोष्ट असते: ‘म्हणून’, ‘पण’, ‘त्यामुळे झालं काय’, ‘मग आम्ही ठरवलं’. या रीतीची मर्यादा एवढीच की बोलणारा माणूस सवयीनं स्लाइडींचाच क्रम धरतो आणि जिथे डेक गप्प आहे तिथे तोही गप्प राहतो.

तिसरी रीत प्रश्नांची. डेक बाजूला ठेवून आधी वाचकाचे प्रश्न लिहायचे आणि उत्तरं डेकमध्ये, बोलण्यात आणि हिशेबाच्या वहीत शोधायची. मोठ्या कंपन्यांतही हा धडा कोणीतरी गिरवला आहे. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४ साली आपल्या वरिष्ठ मंडळींच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं आणि त्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेलं टिपण आणायला सांगितलं. पुढे तिथे सहा पानांची टिपणं रूढ झाली. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात आणि मग बोलतात. कारण साधं होतं. सलग वाक्यं लिहिताना कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणती कशामुळे घडते हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. ठिपक्यांच्या यादीत ते न ठरवताही निभावतं.

माझा कौल दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीच्या मेळाला आहे: आधी बोलतं करा, मग प्रश्न लावा. पहिली रीत सोडून द्यावी. ती लवकर होते एवढाच तिचा गुण, आणि तो वाचकाच्या काहीच उपयोगाचा नाही.

बाण काय लपवतो

आता आपल्या डेकमधली ‘कमाईचं गणित’ ही स्लाइड घेऊ. तीवर डावीकडे मुडलीचा फोटो आणि खाली ‘३० रुपये किलो’. उजवीकडे पिठाचं पाकीट आणि खाली ‘३०० रुपये किलो’. मध्ये एक जाड हिरवा बाण, त्यावर ‘१० पट मूल्यवृद्धी’. पाहणाऱ्याला वाटतं, वा.

लेखात बाण काढता येत नाही. तिथे वाक्य लिहावं लागतं आणि वाक्याला क्रियापद लागतं. ‘तीस रुपये किलोची मुडली तीनशे रुपये किलोचं पीठ होते.’ लिहून पाहिलं की लगेच खटकतं: किती किलोचं किती? हा प्रश्न स्लाइडीवर पडत नाही, वाक्यात पडतो. म्हणून हिशेब करायला बसू.

शंभर किलो मुडली घेतली. साल, माती, खराब भाग असं वीस टक्के गेलं असं धरलं तर उरले ऐंशी किलो. अळूच्या जातीच्या कंदात साधारण सत्तर टक्के पाणी असतं, म्हणजे कोरडा ऐवज चोवीस किलो. पीठ हाडासारखं कोरडं कधीच नसतं, दहा टक्क्यांच्या आसपास ओल धरली तर वजन पावणेसत्तावीस किलोपर्यंत जातं. त्यातलं थोडं उकळपाण्यात आणि थोडं चाळताना गेलं. हातात आले पंचवीस किलो. शंभर किलोचे तीन हजार रुपये दिले होते, म्हणजे एका किलो पिठात कच्चा मालच एकशे वीस रुपयांचा आहे. दहापट होती ती इथेच अडीचपट झाली.

पुढे जाऊ. तीनशे रुपये ही गिऱ्हाइकाची किंमत. दुकानदार तीस टक्के घेतो असं धरलं तर गटाला मिळतात दोनशे दहा. शंभर किलो सोलणं, कापणं, उकळणं, वाळत घालणं, गोळा करणं याला चार बायांचा एकेक दिवस आणि दिवसाला चारशे रुपये धरले तर सोळाशे रुपये, किलोमागे चौसष्ट. दळण, जळण, पाकीट, छपाई मिळून वीस. एकशे वीस, चौसष्ट आणि वीस मिळून झाले दोनशे चार. दोनशे दहातून उरले सहा रुपये. त्यातून अजून मालवाहतूक जायची आहे.

जाड हिरव्या बाणाच्या पोटात हे सहा रुपये होते. डेक बनवणाऱ्यांनी खोटं सांगितलेलं नाही. तीस आणि तीनशे हे दोन्ही आकडे खरेच धरले आहेत, फक्त त्यांच्यामधल्या जागेत चित्र होतं आणि चित्राला कोणी ‘कसं?’ असं विचारत नाही.

इथे लेख लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, हा भाग गाळून टाकायचा आणि ‘मूल्यवृद्धी’ हा शब्द ठेवायचा. दुसरी, गटाकडे परत जायचं. दुसऱ्या वाटेनं गेलं की बहुतेक वेळा धंद्याचीच मांडणी सुधारते. आपल्या उदाहरणात पुढचा प्रश्न असा निघतो: चांगली, मोठी, सबंध मुडली मेळाव्यात तशीच विकली जात असेल तर तिचं पीठ करायचंच कशाला? पीठ करावं ते खणताना तुटलेल्या, छोट्या, बेढब कंदांचं. तो माल दहा रुपयांनी मिळाला, पण सालीत पस्तीस टक्के गेले असं धरू. शंभर किलोतून पासष्ट, त्याचा कोरडा ऐवज साडेएकोणीस, ओल धरून आणि घट सोडून हातात वीस किलो. कच्चा माल किलोमागे पन्नास. छोटे कंद सोलायला वेळ जास्त, म्हणून पाच दिवसांची मजुरी, किलोमागे शंभर. वीस वरखर्चाचे. एकूण एकशे सत्तर आणि उरले चाळीस. सहाच्या जागी चाळीस, आणि चांगल्या मुडलीचा भावही हलला नाही. ‘तुटका कंद वाया जात होता, म्हणून त्याचं पीठ’ हे वाक्य आता लेखाचा कणा होऊ शकतं. डेकमध्ये ते कुठेच नव्हतं.

धुणे, सोलणे, वाळवणे, दळणे

‘प्रक्रिया’ या स्लाइडीवर चार गोल आणि तीन बाण आहेत: धुणे, सोलणे, वाळवणे, दळणे. वर लिहिलंय ‘सोपी, घरगुती प्रक्रिया’. या स्लाइडीला लेखात सर्वांत जास्त जागा द्यावी असं माझं मत आहे, कारण वाचकाला खरं जग इथे दिसतं.

मुडली सोलली की हाताला खाज सुटते. अळूच्या जातीच्या कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत आणि घशात टोचतात. म्हणून सोलण्याआधी हाताला तेल चोळतात आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल घालतात. नुसतं उन्हात वाळवून ही खाज पुरती जात नाही, काप आधी चांगले उकळावे लागतात. म्हणजे चार गोलांमध्ये पाचवा गोल राहिलाच होता. तो लेखातही राहिला असता आणि लेख वाचून कोणी घरी पीठ केलं असतं तर पहिल्याच घासाला त्यानं गटाला आठवलं असतं.

मग वाळवणं. काप वाळला की नाही हे कसं कळतं? वाकवला तर वाकतो तोवर ओला, कट्‌कन मोडला की झाला. ओला राहिलेला काप दळला तर पिठाला बुरशी धरते, पाकिटात गुठळ्या होतात आणि वास येतो. जोयड्यात कंद खणायचा हंगाम थंडीचा, त्या दिवसांत सकाळी धुकं असतं आणि दाट झाडीत ऊन उशिरा पोहोचतं. जूनपासून घाटमाथ्याचा पाऊस. थोडक्यात, वाळवण्याचे दिवस जानेवारी ते मे एवढेच. आता ‘उत्पादन’ स्लाइडीवरचं ‘वर्षभर पुरवठा’ परत वाचा. वर्षभर पुरवठा करायचा तर पाच महिन्यांत बारा महिन्यांचं पीठ करून ते पावसाळाभर कोरडं सांभाळावं लागेल. म्हणजे डबे, कोरडी खोली आणि त्यात अडकलेले पैसे. ‘मागणी’ स्लाइडीतले लाख रुपये नेमके कशासाठी हवेत याचं उत्तर इथे आहे आणि डेकमध्ये ‘उत्पादन’ आणि ‘मागणी’ ही दोन ठिकाणं सात स्लाइडींच्या अंतरावर आहेत. लेखात ती शेजारी यायला हवीत.

क्रियापदाची सक्ती

मराठीत हे रूपांतर इंग्रजीपेक्षा कडक होतं असा माझा अनुभव आहे, आणि ते चांगलं आहे. ‘५ गावे, १२० शेतकरी, थेट खरेदी’ ही ओळ घ्या. स्लाइडीवर ती पूर्ण वाटते. वाक्य करायला गेलं की मराठी विचारते: शेतकरी जोडले आहेत, जोडत आहोत, की जोडणार आहोत? खरेदी केली, करतो, की करू? या तीन रूपांमध्ये अख्ख्या धंद्याची अवस्था सामावलेली असते. ‘जोडणार’ला ‘जोडले’ लिहिलं तर गावात वाचणारा लगेच म्हणेल, आमच्याकडे तर कोणी आलं नाही.

तिथून पळायला आपल्याकडे एक सोयीची वाट आहे, ‘केले जाते’ची. ‘शेतकऱ्यांकडून थेट खरेदी केली जाते’ म्हटलं की कर्ता गेला. कोण करतं, कधी, रोख की उधार? त्याऐवजी ‘गटातल्या दोघी गुरुवारी गाडी घेऊन जातात, तिथेच वजन करून पैसे देतात’ असं लिहिता आलं तर लिहावं. लिहिता येत नसेल तर ती खरेदी अजून सुरू झालेली नाही आणि लेखानं तसंच म्हणावं. ‘या हंगामात सुरू करायची आहे’ हे वाक्य मुळीच कमीपणाचं नाही.

वाढीच्या आकड्यांनाही हाच नियम. ‘विक्रीत ३०० टक्के वाढ’ हे वीस किलोंवरून ऐंशी किलोंवर गेल्यानंही होतं. लेखात वीस आणि ऐंशी लिहावेत, टक्के सोडून द्यावेत. वाचक ऐंशी किलो म्हणजे किती हे डोळ्यांपुढे आणू शकतो.

गावात वाचलं जाईल तेव्हा

डेक बंद खोलीत दाखवलं जातं. लेख कोणीही वाचतं: वनखात्याचा कर्मचारी, शेजारच्या गावातला मास्तर, ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं. म्हणून डेकमधले काही शब्द लेखात जसेच्या तसे नेता येत नाहीत. आपल्या नमुन्यात असे तीन आहेत.

पहिला ‘जंगली कंद’. सोबत घनदाट रानाचा फोटो. जोयड्याचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आत किंवा कडेला येतो. २०१५ पर्यंत त्याचं नाव दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प होतं. अणशी राष्ट्रीय उद्यान त्यातच आहे आणि राष्ट्रीय उद्यानातून विक्रीसाठी काही काढून नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याला चालत नाही. मुडली मात्र परसात, कुळागरात लावलेली असते. तिला ‘जंगली’ म्हणणं ऐकायला रम्य वाटतं, पण ते चूक आहे आणि गटाला अडचणीत आणणारं आहे. आणखी एक नुकसान होतं: पिढ्यान्‌पिढ्या बेणं निवडून, जपून ठेवणाऱ्या बायांचं कसब त्या एका शब्दानं पुसलं जातं. करांद्यांसारखे काही कंद रानातही मिळतात. तेव्हा कोणता लावलेला, कोणता रानातला, हे कंदागणिक लिहावं.

दुसरा ‘आदिवासी’. गोव्यातल्या कुणब्यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत २००३ साली समावेश झाला. सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात, त्याच समाजाची तीच मागणी जुनी आहे. या शब्दाला इथे कायद्याचं आणि हक्काचं वजन आहे. डेकमध्ये तो सजावटीसारखा वापरला जातो. लेखात सरळ ‘कुणबी’ लिहावं आणि मागणीचा उल्लेख करायचाच असेल तर मागणी म्हणून करावा.

तिसरा ‘मधुमेहींसाठी उत्तम, १०० टक्के सेंद्रिय’. पाकिटावर किंवा जाहिरातीत एखादं अन्न रोग बरा करतं, टाळतं असं म्हणायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दुकानातून ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचं तर प्रमाणपत्र लागतं, मग ते निर्यातीसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं असो की शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची तपासणी करायच्या पीजीएस पद्धतीचं. प्रमाणपत्र नसेल तर जे केलं ते लिहावं: ‘शेणखत आणि पालापाचोळा घालतो, रासायनिक खत घालत नाही.’ ते ‘१०० टक्के’पेक्षा जास्त पटतं, कारण त्यात चित्र दिसतं.

मथळे, क्रम आणि सर्वांत खालची ओळ

डेकचे मथळे म्हणजे खणांवरच्या चिठ्ठ्या: समस्या, उपाय, टीम. आत काय आहे ते त्या सांगत नाहीत, कुठलं सामान आहे एवढंच सांगतात. लेखाचा मथळा वाचल्यावर वाचकाला निदान अर्धी गोष्ट कळायला हवी. आपल्या बारा स्लाइडींचे मी चार भाग करीन. ‘परसातला कंद’ या भागात समस्या, सामाजिक परिणाम आणि टीम विरघळून जातील. तालुका दुर्गम का, हेही इथेच येईल: काळी नदीवर सुपा धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, विस्थापितांसाठी रामनगर वसलं. ‘दुर्गम’ या एका शब्दाच्या जागी हे आलं की कोणी फुगवल्याचं म्हणणार नाही. दुसरा भाग ‘तुटक्या मुडलीचं पीठ’, त्यात प्रक्रिया आणि उत्पादन. तिसरा ‘चाळीस रुपये’, त्यात हिशेब आणि प्रगती. चौथा ‘पाच महिन्यांचं ऊन’, त्यात साठवण आणि मागणी.

टीमच्या स्लाइडीवरचे गोल फोटो आणि पदं लेखात लागत नाहीत. माणसं जिथे काही करतात तिथे यावीत: सोलताना, वजन करताना, हिशेब लिहिताना. ‘स्पर्धक’ स्लाइडीवरची चौकट, जिच्यात आपण नेहमी वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो, तीही सोडावी. खरा प्रश्न ‘गिऱ्हाईक आत्ता काय वापरतं’ हा आहे, आणि त्याचं उत्तर तांदळाचं किंवा नाचणीचं पीठ. मुडलीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, नुसत्या त्याची पोळी लाटता येत नाही, ते मिसळून वापरावं लागतं. एवढं सांगितलं की तुलना झाली. बाजारपेठेची तीन एकात एक वर्तुळं तर पूर्ण काढून टाकावीत. देशातली कोट्यवधींची बाजारपेठ आणि वीस किलो पीठ यांना जोडणारं एकही वाक्य लिहिता येत नाही. येत असेल तर लिहावं, नाहीतर दांडेली, बेळगाव, मडगाव यांपैकी कुठल्या दुकानात किती पाकिटं गेली तेवढं लिहावं.

क्रमाबद्दल एक जुनी, दुःखद गोष्ट या कामात असणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणावेळी फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच त्याचा धोका किती, यावर अभियंत्यांनी स्लाइडी केल्या. त्यातल्या एका स्लाइडीच्या तळाशी, आतल्या ठिपक्यात, लहान अक्षरांत ही माहिती होती: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १९२० घन इंच धरलं आहे आणि चाचण्या ज्या तुकड्यांवर झाल्या ते ३ घन इंचांचे होते. सहाशे चाळीस पट फरक. वरचा मथळा मात्र वाचणाऱ्याला धीर देणारा होता. १ फेब्रुवारीला यान परतताना मोडलं आणि सातही जण गेले. त्या अपघाताला स्लाइड कारणीभूत होती असं कोणी म्हणू नये, पण चौकशी मंडळानं आपल्या अहवालात या स्लाइडीची स्वतंत्र दखल घेतली. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिचं केलेलं विश्लेषण त्यामुळे सर्वांपर्यंत पोहोचलं.

त्यातून डेक वाचायची एक सवय मी घेतली आहे. प्रत्येक स्लाइड तळापासून वर वाचायची. ‘टीप’, ‘अटी लागू’, ‘चाचणी सुरू’, तारांकित ओळ, हे सगळं आधी. आपल्या नमुन्यात ‘आतापर्यंतची प्रगती’च्या तळाशी बारीक अक्षरांत आहे: ‘पीठ टिकण्याचा कालावधी: चाचणी बाकी’. वर्षभर पुरवठ्याची सगळी इमारत ज्यावर उभी आहे ती ही ओळ. लेखात ती साठवणीच्या भागाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

झालं की नाही, हे कसं ओळखायचं

लेख तयार झाला की दोन तपासण्या पुरतात. कोणतेही दोन परिच्छेद उचलून त्यांच्या जागा बदलून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर ते अजून स्लाइडीच आहेत. दुसरी, परिच्छेदांचे पहिले शब्द ओळीनं वाचा. ‘तसेच’, ‘याशिवाय’, ‘त्याचप्रमाणे’, ‘आणखी एक’ हेच दिसले तर ठिपके फक्त झाकले गेले आहेत. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तोवर’, ‘एवढं असूनही’ यांच्या मागे धागा असतो. हे शब्द वरून चिकटवताही येतात, म्हणून प्रत्येक ‘म्हणून’ला थांबून विचारावं: खरंच म्हणून का?

सगळ्यात चांगली तपासणी मात्र मोठ्यानं वाचण्याची. ज्यांच्या परसातली मुडली आहे त्यांच्या पडवीत बसून, गरज पडेल तिथे कोकणीत सांगत, लेख वाचून दाखवावा. चूक असेल तिथे कोणीतरी मध्येच बोलतं. ‘काप एवढे जाड नाही करत’, ‘ते पैसे गुरुवारी नाही, बाजाराच्या दिवशी’. अशा दहा दुरुस्त्या झाल्या की लेख पक्का होतो.

या कामाला मर्यादा आहेत. बँकेच्या माणसाला लेख नको असतो, त्याला तक्ता हवा असतो, आणि तो डेकमध्येच बरा. खर्चाचा हिशेब लेखातही तक्त्यात राहू द्यावा, परिच्छेदात कोंबू नये; मी वर कोंबला तो प्रत्येक पायरीचं कारण सांगायचं होतं म्हणून. ज्या गटाचा अजून एकही हंगाम झालेला नाही, त्याच्या डेकचा अडीच हजार शब्दांचा लेख होत नाही. तो सातशे शब्दांचा होतो आणि तेवढाच छापावा.

जोयड्यातल्या किंवा कुठल्याही तालुक्यातल्या गटांना, शेतकरी कंपन्यांना माझी एक विनंती आहे. लेखासाठी डेक पाठवाल तेव्हा सोबत हिशेबाची वही, निदान तिच्या एका हंगामाच्या पानांचे फोटो, आणि मालाशी रोज हात लागतो अशा एका बाईंचा फोन नंबर पाठवा. लिहिणारा तुम्हाला त्याच दिवशी फोन करील.